वाढत्या अंगाची भेट

आपल्याकडे मुलांचे कपडे शिवताना शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाई : “जरा वाढत्या अंगाचे शिवा.” मग शिंपी बाजूच्या शिवणीत दोन बोटे कापड आत ठेवी, खालची दुमड रुंद घेई आणि तोच फ्रॉक दोन दिवाळ्या पाहून मग धाकट्या बहिणीच्या अंगावर जाई. बाळाच्या हातातल्या चांदीच्या मनगट्यांची तोंडे उघडी ठेवण्याची रीतही याच विचारातून आली असावी. मनगट भरले की मनगटी किंचित फाकवायची. वस्तू देताना मूल वाढणार आहे हे गृहीत धरलेले असे.

पहिल्या वाढदिवसाच्या आजच्या भेटी पाहिल्या, की हे गृहीतक सुटून गेलेले दिसते. बारा-अठरा महिन्यांच्या मापाचे सात-आठ फ्रॉक एकाच संध्याकाळी येतात आणि सगळे एकाच पावसाळ्यात आखूड होतात. बॅटरीवर गाणारा प्राणी येतो. त्याची कळ दाबणे एवढेच बाळाच्या हाती असते, आणि ती दाबून झाली की त्या प्राण्यात नवे काही उरत नाही. कुणाच्या मायेत खोट नसते, पण भेट त्या एका दिवसाच्या मापाची असते. मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. ही वस्तू बाळ आज कशी वापरेल, दीड वर्षाचे झाल्यावर कशी वापरेल आणि तीन वर्षांचे झाल्यावर कशी वापरेल, या तिन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे मिळाली तर ती वाढत्या अंगाची भेट. शिवाय आईवडिलांना ती माळ्यावर टाकावीशी वाटता कामा नये.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी एक वस्तू आपल्या घरांत पूर्वीपासून होती : पांगुळगाडा. गेल्या वर्षी तो करवून घेण्याचा योग आला. त्या निमित्ताने या साध्या गाड्यामागे किती विचार असतो आणि तो कुठे चुकू शकतो, हे जवळून पाहता आले.

निमित्त होते माझ्या भाच्याच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात त्यांचे घर आहे. भाचा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला जातो. माझी धाकटी बहीण कांद्याच्या दिवसांत शेतावर असते आणि घरी असतात भाचेसून व बाळ. घराला शहाबादी फरशी, पुढे ओटा आणि ओट्याला तीन पायऱ्या. वाढदिवसाला दीड महिना असताना बहिणीचा फोन आला. “ताई, पोरगी भिंतीला धरून उभी राहते, पण पाऊल काही टाकत नाही. तू नगरहून चाकांचा वॉकर घेऊन ये. त्यात बसवली की आठ दिवसांत चालायला लागेल, आणि हिलाही स्वयंपाक सुचेल.”

मागणी साधी होती, पण ती पुरी करण्याआधी मी थांबले. गोल कड्याचा, मध्ये झोळी असलेला आणि खाली सहा-आठ चाके लावलेला वॉकर ही अनेक घरांत प्रेमाने येणारी वस्तू आहे. कॅनडाने मात्र २००४ साली तिची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा बंदीचा आग्रह अनेक वर्षे धरत आली आहे. कारणे समजायला अवघड नाहीत. ज्या बाळाला अजून स्वतःचा तोल सांभाळता येत नाही, ते त्या कड्यात बसून सेकंदाला जवळपास मीटरभर अंतर कापू शकते. आई चुलीपासून मागे वळेपर्यंत ते ओट्याच्या कडेला पोचलेले असते. पायरीवरून वॉकर सुटला तर मूल डोक्यावर आपटते. त्यातून वाचले, तरी कड्यात उंच बसल्यामुळे त्याचा हात गरम चहापर्यंत, इस्त्रीच्या वायरपर्यंत, उकळत्या पातेल्याच्या कडेपर्यंत पोचतो. तीन पायऱ्यांच्या ओट्याच्या घरात ही वस्तू मी कशी नेणार होते?

आणि चालणे? तेही या वॉकरने येत नाही. झोळी शरीराचे वजन पेलते. त्यामुळे मूल चवड्यांनी जमीन मागे ढकलत राहते आणि टाच टेकवण्याची त्याला गरज पडत नाही. पुढच्या कड्यामुळे त्याला स्वतःचे पाऊल दिसत नाही. पडावे लागत नाही म्हणून तोल सावरावाही लागत नाही. बसलेल्या स्थितीतून उठून उभे राहणे हा चालण्याचा पहिला धडा, पण तो तर मोठ्या माणसाने उचलून आत बसवताच हुकतो. अशा वॉकरमुळे चालणे लवकर येत नाही, काही मुलांत ते थोडे लांबतेही.

पांगुळगाड्यात सगळे याच्या उलट आहे. मूल त्याच्या आत बसत नाही, मागे उभे राहते. वजन स्वतःच्याच पायांवर असते, टाचा जमिनीवर टेकलेल्या असतात आणि पाऊल दिसते. हात सुटला तर ते मागे बुडावर बसते, आणि या वयात ती फार उंचावरची पडझड नसते. गाडा वापरायचा तर आधी उठून उभे राहावे लागते. म्हणजे ज्याची तयारी झाली आहे तेच मूल तो वापरू शकते. ही त्याची मर्यादा आहे आणि सुरक्षितताही.

मी बहिणीला सांगितले, “वॉकर नको, पांगुळगाडा आणते.” ती हसली, म्हणाली, “आपल्या वेळचा? तो आता मिळतो कुठे?”

तयार गाडे मिळतात, पण मला घराच्या आणि मुलीच्या मापाचा हवा होता. नगरमध्ये आमच्या घराच्या दारे-खिडक्या केलेले एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गेले. “पांगुळगाडा म्हणजे तीन चाकं, एक मूठ. त्यात माप कसलं घ्यायचं, बाई?” ते म्हणाले. पण मापच तर महत्त्वाचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार एक वर्षाच्या मुलीची मध्यम उंची सुमारे ७४ सेंटीमीटर आणि मुलाची सुमारे ७६ सेंटीमीटर असते. एवढ्या मुलाने मूठ धरली, की कोपर किंचित वाकलेले आणि हात छातीच्या खाली राहिले पाहिजेत. मूठ फार उंच झाली तर मूल लोंबकळते, फार खाली झाली तर ओणवे होऊन गाड्यामागे धावते. भाचेसुनेकडून मी फोनवर मुलीची उंची मागवली, ती ७३ भरली. त्यावरून मुठीची उंची ४२ सेंटीमीटर ठरली. मग मिस्त्रींना म्हटले, “उभ्या दांड्यांना आणखी वर, ५० सेंटीमीटरवर, दुसरी भोकं पाडून ठेवा. दोन वर्षांची झाली की मूठ काढून वर बसवू.” मिस्त्रींच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू आले. “म्हणजे वाढत्या अंगाचा करायचा म्हणा की.” गाड्याला आता शिवणीतली दोन बोटे मिळाली होती.

चाके तीन की चार, यावर थोडी चर्चा झाली. चारचाकी गाडा सपाट फरशीवर भक्कम वाटतो, पण जमीन जरा उंचसखल असली की त्याचे एक चाक अधांतरी राहते आणि तो डुगडुगतो. तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत. म्हणूनच सारवलेल्या जमिनीच्या घरांत तीन चाकांचा गाडा रूढ झाला असावा. फक्त मागची दोन चाके पुरेशी लांब हवीत. आम्ही त्यांच्यात ४० सेंटीमीटर अंतर ठेवले. नवे चालणारे मूल पाय फाकवून चालते, तेव्हा त्याच्या पायांना एवढी जागा लागतेच.

खरी अडचण दुसरीच होती, आणि ती पहिला सांगाडा उभा राहिल्यावर लक्षात आली. मागच्या चाकांचा आस मुठीच्या अगदी खाली होता. मी मुठीवर हात ठेवून जरा मागे रेलले, तर पुढचे चाक लगेच उचलले गेले. जमिनीवर बसलेले नऊ किलोचे मूल मूठ धरून उठू लागले, की नेमके हेच करते : मूठ स्वतःकडे आणि खाली ओढते. गाडा त्याच्या अंगावर आला असता. उपाय असा की मागची चाके मुठीच्या मागे, निदान दहा सेंटीमीटर असली पाहिजेत. मग मुठीवरचा भार चाकांच्या पुढे पडतो आणि गाडा मागे कलंडत नाही. पण आस तसाच मागे सरकवला, तर तो मुलाच्या पावलांच्या वाटेत येतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा त्यावर आपटतो. मिस्त्रींनी यावर तोड काढली. एक लांब आस ठेवण्याऐवजी त्यांनी बाजूची दोन लाकडे मागे वाढवली आणि प्रत्येकाला स्वतंत्र खुंटी बसवून तिच्यावर चाक चढवले. मधली जागा मोकळी राहिली. ज्याने आयुष्यभर लाकूड हाताळले, त्याला अडचण नीट दाखवली की उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. हलका गाडा मुलाच्या हातातून पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडते. म्हणून मुठीच्या पुढे, तळाशी, एक उथळ पेटी केली : साधारण ३० सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि १२ खोल. तिच्यात जाड कापडाच्या, तोंड शिवून टाकलेल्या पिशवीत तीन किलो ज्वारी ठेवायची. वजन खाली आणि पुढे असल्यामुळे गाडा उलटत नाही आणि सहज पळतही नाही. मूल पक्के चालू लागले की पिशवी काढायची, मग पेटी मोकळी होते. वीट किंवा दगड मात्र ठेवू नये, कारण कलंडताना तो बाहेर येऊन पायावर पडतो.

चाकांच्या वेगालाही आवर लागतो. लाकडी चाक शहाबादी फरशीवर फार सहज घरंगळते. आम्ही चाकांच्या धावेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली आणि खुंटीवर चाक थोडे घट्टच ठेवले. गाडा तयार झाल्यावर तो एकदा हलके ढकलून सोडावा. हात-दीड हातात तो थांबला पाहिजे. खोलीभर धावत गेला तर तो अजून मुलाच्या हाती देण्याजोगा झालेला नाही.

लाकूड कोणते, यापेक्षा लाकडावर काय आहे हे अधिक जपावे लागते. मिस्त्रींकडे जुन्या दाराच्या चौकटीचा उत्तम साग होता, पण त्यावर कित्येक वर्षांच्या तैलरंगाचे थर होते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. तो रंग घासून काढणे तर आणखी वाईट, कारण धूळ सगळीकडे बसते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि या वयाचे मूल मूठ धरते त्याहून जास्त चावते. म्हणून आम्ही साग सोडून दिला. कडुलिंबाच्या वर्षभर वाळलेल्या कोऱ्या फळ्या घेतल्या आणि चाकांसाठी बाभूळ. ओले लाकूड घेतले तर ते पुढे आकसते, सांधे सैल पडतात आणि तडकलेल्या जागी कुसळे निघतात.

रंग अजिबात दिला नाही. लाकूड बारीक काचकागदाने घासून, सगळ्या कडा गोल करून, घाण्याचे कच्चे जवसाचे तेल पातळ हाताने तीन वेळा लावले. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होते आणि लाकडावर मऊ कवच धरते. खोबरेल तसे सुकत नाही, चिकट राहते आणि पुढे खवट वास मारते. रंगाच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल लवकर सुकते खरे, पण त्यात बहुधा सुकवणारी धातूंची संयुगे मिसळलेली असतात, म्हणून ते मुलाच्या वस्तूला नको. कच्च्या तेलाला मात्र वेळ द्यावा लागतो. प्रत्येक हातानंतर काही दिवस आणि शेवटी दोन-तीन आठवडे हवेशीर जागा. म्हणून असा गाडा द्यायचा असेल, तर वाढदिवसाच्या दीड महिना आधी सुताराकडे जावे. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल सुकताना तापते आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवून मग बाहेर पसरून वाळवावी.

जुन्या गाड्यांच्या मुठीला घुंगरे असत. मिस्त्रींनीही ती लावायची तयारी दाखवली, मी नको म्हटले. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती साधारण तीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी सुटी होणारी कोणतीही वस्तू असू नये, ती घशात अडकू शकते. घुंगरू तर त्याहून कितीतरी लहान. आवाज मात्र मुलाला हवाच असतो, कारण आपण चाललो म्हणून आवाज आला हे कळण्यातच त्याची गंमत आहे. मिस्त्रींनी पुढच्या चाकाला चार खुंट्या ठोकून त्यांवर आपटणारी लाकडी पट्टी बसवली. चाक फिरले की टक, टक, टक. पट्टी तळाला पक्की जोडलेली आहे, सुटून हातात येणार नाही, आणि बाळाचे बोट तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून वर फळीचे झाकण आहे. मागच्या चाकाजवळही हेच पाहावे लागते. चाक आणि बाजूचे लाकूड यांतली फट एक तर पाच मिलिमीटरांहून कमी हवी, नाहीतर बारा मिलिमीटरांहून जास्त. मधल्या मापाच्या फटीत नेमके बोट अडकते.

कुणाला तयार गाडाच घ्यायचा असेल, तर खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण १ जानेवारी २०२१पासून सक्तीची झाली आहे, ती पाहावी. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे. त्यांच्याकडून घेताना खूण नसली, तरी वर सांगितलेल्या चाचण्या दुकानातच करून पाहता येतात. मूठ मागे-खाली दाबून पाहावी, गाडा ढकलून सोडावा, कडांवरून रुमाल फिरवावा. कुसळ असले तर रुमाल अडकतो.

वाढदिवसाला गाडा पोचला. पाहुण्यांनी त्याभोवती कौतुकाचा घोळका केला आणि मुलीने त्याच्याकडे पाठ फिरवून केकच्या खोक्याशी खेळणे पसंत केले. भाचेसून जरा खट्टू झाली. “मावशी, हिला आवडला नाही वाटतं.” मी म्हटले, “अगं, आज नाही तर उद्या. त्याला घाई नाही.”

पुढच्या महिन्यांत गाड्याचा वापर बदलत गेला, तो मी फोनवर आणि अधूनमधून प्रत्यक्ष पाहत होते. पहिले तीन आठवडे ती गाड्याशेजारी गुडघ्यांवर बसून चाक हाताने फिरवी आणि टकटक ऐके. मग मूठ धरून उभी राहू लागली. तेव्हा भाचेसून एक पाय गाड्याच्या पुढच्या चाकाला लावून ठेवी. चौदाव्या महिन्यात गाडा सरळ रेषेत चालू लागला आणि भिंतीला भिडला की मुलगी रडून मदत मागू लागली, कारण वळवणे जमत नव्हते. एक दिवस तिने मूठ सोडली, गाड्याला वळसा घालून पुढे गेली आणि पुढचे चाक हाताने ओढू लागली. ते तिचे आधाराविना पहिले चालणे होते. पंधरा महिने नुकतेच पुरे झाले होते.

बहिणीचा फोन आला, “ताई, तुझ्या गाड्याने चालवलं गं पोरीला!” मी तिला सांगितले ते इथेही सांगायला हवे. गाड्याने चालवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या दिल्लीसह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास केला, त्यात आधाराविना चालण्याचे वय साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. निम्मी मुले वर्षाच्या आसपास चालतात, उरलेली निम्मी त्यानंतर. पंधराव्या महिन्यात चालणारी मुलगी मागे पडलेली नसते, ती आपल्या वेळेवर असते. गाड्याने तिला सरावाला जागा दिली, एवढेच त्याचे श्रेय.

आणि म्हणूनच कुठली भेट उपचाराच्या जागी वापरू नये. बारा महिने पुरे होऊनही आधाराने उभे राहता येत नसेल, अठरा महिने होऊनही मूल स्वतः चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, एकच पाय ओढत असेल किंवा आधी येत असलेली हालचाल विसरले असेल, तर गाडा बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे. आपल्या हाती असलेल्या माता-बाल संरक्षण पत्रकात वयानुसार विकासाचे टप्पे दिलेले असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून अंगणवाड्यांत मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरज पडल्यास पुढे पाठवतात. अंगणवाडीताईंना तपासणीची तारीख विचारून ठेवावी.

गाड्यालाही राखण लागतेच. तो वापरात असताना ओट्याचे दार बंद आणि जवळ एक मोठे माणूस, हा नियम भाचेसुनेने पाळला. पेटीत मुलाला बसवून दुसऱ्या भावंडाने ढकलण्याचा मोह होतो, तो टाळावा, तीन चाकांचा गाडा वळणावर आडवा पडतो. ओढायला दोरी बांधायची झाली, तर तीन वर्षांपर्यंत ती वीतभराहून लांब नसावी, नाहीतर गळ्याभोवती फिरते. दर महिन्याला पाना घेऊन नटबोल्ट आवळावेत आणि ट्यूबची पट्टी उखडली नाही ना, ते पाहावे.

परवा मुलगी दोन वर्षांची झाली. भाच्याने मूठ वरच्या भोकांत बसवली. ज्वारीची पिशवी केव्हाच निघाली, आता पेटीतून कांदे, बाहुली आणि आजीची चप्पल यांची ने-आण चालते. अंगणातल्या वाफ्यातली कोथिंबीर स्वयंपाकघरात पोचवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी उभ्या दांड्या काढल्या, की तीच पेटी पुस्तकांची होईल. दरम्यान पाळणा पुन्हा हललाच, तर मूठ खालच्या भोकांत परत जाईल.

खर्चाचे म्हणाल, तर लाकूड आणि मजुरी धरून चार-पाच चांगल्या फ्रॉकांएवढा झाला, तो आम्ही तिघी बहिणींनी वाटून घेतला. यंदाच्या वाढदिवसाला भाचेसुनेने आधीच फोन केला, “मावशी, काही आणू नका. फक्त येताना जवसाचं तेल आणा. गाड्याला एक हात द्यायचाय.”